अभिक्रियाशीलता श्रेणीचे वर्कशीट: कोणता धातू कोणाला द्रावणातून बाहेर काढतो, आणि का

दहावीच्या विज्ञानात विस्थापन अभिक्रियांवरचे वर्कशीट ठरलेल्या स्वरूपाचे असते. एका बाजूला चार-पाच धातूंची नावे, दुसऱ्या बाजूला त्यांच्याच क्षारांची द्रावणे, आणि प्रत्येक जोडीसमोर ‘अभिक्रिया होईल’ किंवा ‘होणार नाही’ असे लिहून समीकरण मांडायचे. बहुतेक विद्यार्थी श्रेणी पाठ करून येतात, तरीही निम्म्या चौकटी चुकतात. कारण श्रेणी कोणत्या दोन गोष्टींची तुलना करण्यासाठी वापरायची, हेच त्यांच्या मनात स्पष्ट नसते. तुलना नेहमी मुक्त धातू आणि द्रावणात विरघळलेल्या क्षारातील धातू यांची करायची असते. क्षाराचे नाव, त्यातील सल्फेट किंवा नायट्रेट हा भाग आणि पाणी यांचा पहिल्या उत्तराशी संबंध नसतो.

श्रेणीचा वर्कशीटला पुरेसा भाग असा आहे, सर्वांत क्रियाशील धातू आधी: पोटॅशिअम, सोडिअम, कॅल्शिअम, मॅग्नेशिअम, ॲल्युमिनिअम, जस्त, लोह, कथील, शिसे, (हायड्रोजन), तांबे, पारा, चांदी, सोने. काही तक्त्यांत कॅल्शिअम सोडिअमच्या वर दिसते. त्याने गोंधळून जाऊ नये, कारण हे दोन्ही धातू पाण्यावरच तुटून पडतात आणि विस्थापनाच्या चौकटीत त्यांचे उत्तर तसेही वेगळे असते. हायड्रोजन धातू नाही, पण तो मुद्दाम कंसात ठेवलेला असतो. त्याच्या वरचे धातू विरल आम्लातून हायड्रोजन बाहेर काढतात, खालचे काढू शकत नाहीत.

एक जोडी शेवटपर्यंत

कॉपर सल्फेटच्या, म्हणजे मोरचुदाच्या, निळ्या द्रावणात जस्ताचा तुकडा टाकला तर काय होईल, हा प्रश्न घेऊ. तो चार पायऱ्यांत सोडवावा, आणि पहिल्या काही चौकटींसाठी तरी एकही पायरी गाळू नये.

पहिली पायरी म्हणजे क्षार मनातल्या मनात फोडून पाहणे. कॉपर सल्फेट पाण्यात विरघळले की त्यातील तांबे Cu²⁺ या आयनाच्या रूपात आणि सल्फेट SO₄²⁻ या आयनाच्या रूपात सुटे फिरत असते. परीक्षानळीत ‘कॉपर सल्फेट’ नावाचा एकसंध कण नसतो, त्यामुळे जस्ताला कोणतीही जोडी तोडावी लागत नाही. ‘जस्त तांब्याला सल्फेटपासून ओढून काढते’ असे उत्तरपत्रिकांत नेहमी लिहिलेले आढळते. परीक्षक ते चालवून घेतात, पण घडते ते तसे नाही.

दुसरी पायरी: मुक्त धातू कोणता आणि आयनाच्या रूपातला धातू कोणता, हे शेजारी-शेजारी लिहिणे. येथे मुक्त धातू Zn आहे आणि आयन Cu²⁺ आहे.

तिसऱ्या पायरीत श्रेणी उघडायची. मुक्त धातू वर असेल तर अभिक्रिया होईल. आयनाच्या रूपातला धातू वर असेल तर होणार नाही. जस्त तांब्याच्या वर आहे, म्हणून अभिक्रिया होईल.

चौथ्या पायरीत समीकरण येते, आणि ते दोन रूपांत लिहावे. पूर्ण समीकरण असे:

```
Zn + CuSO₄ → ZnSO₄ + Cu
```

आणि ज्यात खरी घडामोड दिसते ते आयनिक समीकरण असे:

```
Zn + Cu²⁺ → Zn²⁺ + Cu
```

दुसऱ्या समीकरणात सल्फेट नाही, कारण सल्फेट आयन सुरुवातीला जसा होता तसाच शेवटीही द्रावणात राहतो. जस्ताच्या अणूने दोन इलेक्ट्रॉन दिले, ते तांब्याच्या आयनाने घेतले, एवढाच व्यवहार झाला. इलेक्ट्रॉन देणाऱ्या जस्ताचे ऑक्सिडीकरण झाले आणि ते घेणाऱ्या Cu²⁺ चे क्षपण झाले. ‘का’ या प्रश्नाला वर्कशीटमध्ये अपेक्षित असलेले उत्तर हेच आहे: जस्ताची इलेक्ट्रॉन देऊन आयन होण्याची प्रवृत्ती तांब्यापेक्षा अधिक असल्यामुळे ते Cu²⁺ आयनांना इलेक्ट्रॉन देते. ‘जस्त अधिक क्रियाशील आहे म्हणून’ एवढेच लिहिणे म्हणजे प्रश्नच पुन्हा लिहिणे.

आता जोडी उलटी करून झिंक सल्फेटच्या द्रावणात तांब्याची पट्टी ठेवली, तर मुक्त धातू Cu आणि आयन Zn²⁺ असेल. तांबे खाली आहे, म्हणून काहीही होणार नाही. अशा चौकटीत ‘अभिक्रिया होत नाही’ असे शब्दांत लिहावे आणि समीकरण मांडू नये. बाणाच्या उजव्या बाजूला CuSO₄ + Zn लिहून शेजारी फुली मारण्याची सवय वाईट, कारण घाईत ती फुली राहून जाते.

‘प्रवृत्ती अधिक’ म्हणजे नेमके काय

हा भाग वर्कशीटपलीकडचा आहे, पण ज्याला कारण हवे आहे त्याने तो वाचावा. जस्त इलेक्ट्रॉन सहज देते म्हणजे त्याच्या अणूवरून इलेक्ट्रॉन काढायला कमी ऊर्जा लागते, असा समज सर्रास असतो. प्रत्यक्षात पहिला इलेक्ट्रॉन काढण्यासाठी तांब्याला मोलमागे सुमारे ७४५ किलोज्यूल लागतात आणि जस्ताला सुमारे ९०६, म्हणजे या कसोटीवर तांबेच पुढे ठरते. दुसरा इलेक्ट्रॉन काढताना पारडे फिरते, आणि दोन्ही मिळून तांब्याला किंचित जास्त ऊर्जा लागते; पण तांब्याच्या आयनाभोवती पाण्याचे रेणू जमताना जी ऊर्जा सुटते तीही थोडी जास्त असते, त्यामुळे तो फरक जवळजवळ फिटतो.

उरतो तो मोठा फरक घन धातूतच आहे. तांब्याचे अणू एकमेकांना फार घट्ट धरून असतात. त्यांतला एक मोल सुटा करायला सुमारे ३४० किलोज्यूल लागतात, तर जस्ताच्या बाबतीत सुमारे १३० किलोज्यूल पुरतात. धातू आयन होऊन पाण्यात उतरतो तेव्हा त्याला आधी घन धातूतून सुटावे लागते, मग इलेक्ट्रॉन सोडावे लागतात, आणि त्यानंतर पाण्याच्या रेणूंनी त्याला वेढले जाते. श्रेणीतील स्थान या तिन्हींच्या एकत्र हिशेबावर ठरते. म्हणूनच ही श्रेणी पाण्यातील द्रावणांची आहे, आणि केवळ आवर्तसारणीतील जागा पाहून ती पुन्हा रचता येत नाही.

हा हिशेब व्होल्टमध्येही मांडता येतो. जस्ताचे प्रमाणित विभव −०.७६ व्होल्ट आणि तांब्याचे +०.३४ व्होल्ट आहे, त्यांतील १.१० व्होल्टचे अंतर म्हणजेच जस्त आणि तांबे वापरून केलेल्या डॅनिएल घटाचे विभवांतर. लोहाचे विभव −०.४४ व्होल्ट असल्यामुळे लोह व तांबे यांतील अंतर ०.७८ व्होल्ट भरते. आयनाच्या रूपातल्या धातूच्या विभवातून मुक्त धातूचे विभव वजा करून येणारे अंतर धन असले की अभिक्रिया होणार हे नक्की, मात्र ती किती वेगाने होईल हे त्यातून कळत नाही. हा भेद पुढे ॲल्युमिनिअमपाशी उपयोगी पडेल.

सोळा चौकटींचा तक्ता

मॅग्नेशिअम, जस्त, लोह आणि तांबे हे चार धातू व त्यांच्या सल्फेटची चार द्रावणे घेतली, की वर्कशीटचा नेहमीचा तक्ता तयार होतो.

| मुक्त धातू | MgSO₄ | ZnSO₄ | FeSO₄ | CuSO₄ |
|---|---|---|---|---|
| Mg | – | होय | होय | होय |
| Zn | नाही | – | होय | होय |
| Fe | नाही | नाही | – | होय |
| Cu | नाही | नाही | नाही | – |

तिरप्या रेषेतील चार चौकटी रिकाम्या आहेत, कारण धातूने स्वतःच्याच क्षारातून स्वतःला बाहेर काढण्याला अर्थ नाही. उरलेल्या बारांपैकी सहा ‘होय’ आणि सहा ‘नाही’ येतात, आणि सर्व ‘होय’ रेषेच्या एकाच बाजूला पडतात. धातू श्रेणीच्या क्रमाने मांडले असता एखादा ‘होय’ दुसऱ्या बाजूला गेला, तर कोठेतरी मुक्त धातू आणि आयन यांची अदलाबदल झाली आहे असे समजावे. प्रत्येक ओळीतील ‘होय’ मोजले तर ३, २, १, ० असा क्रम मिळतो. धातूंची नावे झाकलेली असतील तर श्रेणी याच मोजणीतून उलट काढता येते.

तक्ता प्रयोगाने भरायचा असेल तर प्रत्येक द्रावण ०.१ मोलार पुरेसे होते. १०० मिलिलिटर द्रावणासाठी मोरचुदाचे निळे स्फटिक २.५ ग्रॅम लागतात; इतर तीन सल्फेटचे स्फटिकही प्रत्येकी अडीच ते तीन ग्रॅमच्या दरम्यानच लागतात. प्रत्येक परीक्षानळीत ५ मिलिलिटर द्रावण घ्यावे, धातूचा तुकडा सँडपेपरने चकाकेपर्यंत घासून लगेच त्यात सोडावा आणि अर्धा तास तरी थांबावे. फेरस सल्फेटचे द्रावण त्याच दिवशी करावे, कारण ठेवलेले द्रावण हवेतील ऑक्सिजनमुळे पिवळट-तपकिरी होते आणि रंगबदलाची नोंद निरर्थक ठरते.

काय दिसते, याबद्दल छापील उत्तरे आणि परीक्षानळी यांत बरेच अंतर असते. जस्तावर जमणारे तांबे सुरुवातीला तांबडे दिसत नाही. ते बारीक, भुसभुशीत आणि जवळजवळ काळे दिसते, आणि काही वेळाने त्यात तपकिरी छटा येते. निळा रंग फिका होतो, पण जस्ताचा मोठा तुकडा घेतला तर तो पूर्ण जायला काही तास लागतात. ५ मिलिलिटर द्रावणातील सगळे तांबे काढायला जेमतेम ३३ मिलिग्रॅम जस्त पुरते. अडचण जस्ताच्या वजनाची नसून त्याच्या उघड्या पृष्ठभागाची आहे. जस्ताची पूड टाकून ढवळले तर रंग काही मिनिटांत जातो आणि तापमापी तीन-चार अंशांनी चढलेली दिसते. रंगाविषयी शंका असेल तेथे ही तापमानवाढ दुसरा पुरावा म्हणून धरता येते.

मॅग्नेशिअमची फीत मात्र फसवते. तिच्यावर बुडबुडे येतात आणि विद्यार्थी लगेच ‘विस्थापन झाले’ असे लिहितो. हे बुडबुडे हायड्रोजनचे असतात. मॅग्नेशिअम पाण्याशी आणि क्षाराच्या किंचित आम्लधर्मी द्रावणाशीही अभिक्रिया करते, त्यामुळे थोडे बुडबुडे मॅग्नेशिअम सल्फेटच्या नळीतही दिसू शकतात. विस्थापनाचा पुरावा म्हणजे फितीवर साचलेला दुसरा धातू. झिंक सल्फेटमध्ये फितीवर करडा थर जमतो, तो पाहावा आणि बुडबुड्यांची नोंद वेगळ्या रकान्यात करावी.

लोहासाठी बाजारातला खिळा घेतला तर त्यावर जस्ताचा मुलामा आहे का, हे आधी तपासावे. मुलाम्याच्या खिळ्यावरही तांबे जमतेच, पण ते सुरुवातीला जस्ताने काढलेले असते, आणि द्रावणाला फेरस सल्फेटची हिरवट छटा येत नाही. साधा खिळासुद्धा तेलकट असतो. साबणाने धुऊन, घासून मगच वापरावा.

समीकरणात जेथे गाडी अडते

लोह आणि कॉपर सल्फेट यांच्या समीकरणात लोह FeSO₄ म्हणूनच लिहावे. लोहाची संयुजा २ आणि ३ अशी दोन्ही असते हे माहीत असल्यामुळे काही जण Fe₂(SO₄)₃ लिहितात. पण Fe³⁺ आयन मुक्त लोहाच्या सान्निध्यात टिकत नाही. तो लोहाकडूनच इलेक्ट्रॉन घेऊन Fe²⁺ होतो. म्हणून:

```
Fe + CuSO₄ → FeSO₄ + Cu
```

दुसरी अडचण असमान संयुजांची असते. सिल्व्हर नायट्रेटमध्ये तांब्याची तार टाकली तर तांब्याचा एक अणू दोन इलेक्ट्रॉन देतो, पण Ag⁺ एकच घेतो, म्हणून दोन Ag⁺ लागतात:

```
Cu + 2AgNO₃ → Cu(NO₃)₂ + 2Ag
```

संतुलन करताना अणू मोजण्याआधी इलेक्ट्रॉन मोजावेत, म्हणजे सहगुणक आपोआप मिळतात. ॲल्युमिनिअम तीन देते आणि Cu²⁺ दोन घेतो, म्हणून सहा इलेक्ट्रॉनांवर मेळ बसतो: 2Al + 3Cu²⁺ → 2Al³⁺ + 3Cu.

‘धातूचे वजन वाढेल की घटेल’ हा प्रश्न हल्ली अधूनमधून विचारला जातो आणि तो चांगला आहे. खिळ्यातून ५६ ग्रॅम लोह द्रावणात गेले तर त्या जागी ६३.५ ग्रॅम तांबे येते, म्हणजे जमलेले तांबे गळून पडले नाही तर खिळा जड होतो. जस्ताच्या बाबतीत ६५.४ ग्रॅम जाऊन ६३.५ ग्रॅम येते, म्हणून तो तुकडा किंचित हलका होतो. चांदीच्या जोडीत ६३.५ ग्रॅम तांब्याच्या जागी जवळपास २१६ ग्रॅम चांदी येते, आणि तारेवर चांदीच्या काट्यांचे झुडूप का दिसते हे त्यावरून लक्षात येते.

शेतातली एक चौकट

लोह व मोरचूद ही जोडी नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागायतदारांना प्रयोगशाळेशिवायच ठाऊक आहे. एक टक्का बोर्डो मिश्रणासाठी १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना घेतात. चुना पुरेसा पडला की Cu²⁺ आयन द्रावणात मोकळे राहत नाहीत. कमी पडला तर ते राहतात आणि पाने भाजतात. याची जुनी तपासणी म्हणजे घासून स्वच्छ केलेले लोखंडी पाते, विळ्याचे किंवा चाकूचे, मिश्रणात थोडा वेळ धरणे. पात्यावर तांबूस थर आला तर आणखी चुन्याची निवळी घालायची. तो थर म्हणजे तक्त्यातील Fe आणि CuSO₄ ची चौकट. मोरचूद लोखंडी बादलीत न भिजवता प्लॅस्टिकच्या पिंपात भिजवतात त्याचे कारणही तेच: बादलीचे लोह द्रावणात जाते आणि फवारणीसाठी घेतलेले तांबे बादलीलाच चिकटते.

नियम जेथे अडखळतो

ॲल्युमिनिअम जस्ताच्या वर आहे, तरीही कॉपर सल्फेटमध्ये ठेवलेला ॲल्युमिनिअमचा तुकडा बराच वेळ जसाच्या तसा राहतो. त्याच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा पातळ, घट्ट थर असतो आणि घासला तरी हवेत क्षणात पुन्हा तयार होतो, त्यामुळे Cu²⁺ आयन धातूपर्यंत पोहोचतच नाहीत. त्याच द्रावणात चिमूटभर मीठ टाकावे: क्लोराइड आयन तो थर भेदतात आणि अभिक्रिया वेग घेते, नळी हाताला गरम लागते, तांबूस गाळ सुटू लागतो. सिद्धांताच्या वर्कशीटमध्ये येथे ‘होय’ लिहायचे. प्रयोगाच्या वहीत ‘थरामुळे सुरुवातीला दिसत नाही’ असे लिहायचे.

सोडिअमची गोष्ट याच्या उलट आहे. श्रेणी पाहून अनेक जण 2Na + CuSO₄ → Na₂SO₄ + Cu असे समीकरण लिहितात. प्रत्यक्षात सोडिअम आधी पाण्याशीच जोरदार अभिक्रिया करते, हायड्रोजन आणि सोडिअम हायड्रॉक्साइड तयार होते, आणि त्या हायड्रॉक्साइडमुळे कॉपर हायड्रॉक्साइडचा निळा अवक्षेप पडतो. म्हणून पोटॅशिअम, सोडिअम आणि कॅल्शिअम यांच्या बाबतीत पाण्यातील विस्थापन लिहू नये. हा प्रयोग विद्यार्थ्यांनी करून पाहण्याचा नाही.

तिसरा अपवाद मला सर्वांत आवडतो. फेरिक क्लोराइडच्या द्रावणात तांबे विरघळते, आणि सर्किट बोर्डावरचे नको असलेले तांबे काढायला छंदिष्ट लोक हेच द्रावण वापरतात. तांबे तर लोहाच्या खाली आहे, मग हे कसे? समीकरण पाहिले की उत्तर मिळते:

```
2FeCl₃ + Cu → 2FeCl₂ + CuCl₂
```

येथे लोह धातू बाहेर पडतच नाही. Fe³⁺ एक इलेक्ट्रॉन घेऊन Fe²⁺ वर थांबतो. श्रेणीतील लोहाची जागा Fe आणि Fe²⁺ या जोडीची आहे, Fe³⁺ ची नाही. म्हणून वर्कशीटमध्ये ‘लोहाचा क्षार’ असे मोघम लिहिलेले असेल तर तो फेरस की फेरिक, हे विचारून घ्यावे.

नावे झाकलेला प्रश्न

आता उलट प्रश्न घेऊ. P, Q, R, S या चार धातूंबद्दल एवढे दिले आहे: P हा Q आणि R या दोघांना त्यांच्या क्षारांच्या द्रावणातून बाहेर काढतो, पण S ला काढत नाही, Q हा R ला बाहेर काढत नाही, आणि R विरल हायड्रोक्लोरिक आम्लातून वायू सोडत नाही.

प्रत्येक वाक्य आधी ‘पेक्षा वर’ या भाषेत लिहावे. पहिल्यातून P हा Q आणि R च्या वर, आणि S हा P च्या वर येतो. दुसऱ्यातून R हा Q च्या वर. यांची साखळी S, P, R, Q अशी जुळते. तिसऱ्या वाक्यातून R हायड्रोजनच्या खाली जातो, आणि Q त्याच्याही खाली असल्याने तोही आम्लातून वायू सोडणार नाही. P आणि S सोडतील का? येथे थांबावे. P हा R च्या वर आहे एवढेच माहीत आहे. तो हायड्रोजनच्या वर आहे की हायड्रोजन आणि R यांच्या मध्ये, हे दिलेल्या माहितीवरून ठरत नाही, आणि S चेही तसेच. ‘माहिती अपुरी’ हेच या उपप्रश्नाचे बरोबर उत्तर आहे. Q आणि R यांच्याविषयीचे वाक्य दिले नसते, तर त्यांचा आपसातला क्रमही असाच मोकळा सोडावा लागला असता.

याच प्रश्नात शिक्षकांसाठी एक खाच आहे. R म्हणून शिसे मनात धरले असेल तर प्रश्न बिघडतो. शिसे हायड्रोजनच्या वर असूनही विरल हायड्रोक्लोरिक आम्लात त्याच्यावर अल्पविद्राव्य लेड क्लोराइडचा थर बसतो आणि बुडबुडे जवळजवळ दिसतच नाहीत. सल्फ्युरिक आम्लात आणि सल्फेटच्या द्रावणांत लेड सल्फेटमुळे हीच अडचण येते. म्हणून R च्या जागी तांबे आणि Q च्या जागी चांदी घेऊन प्रश्न रचावा, आणि शिसे वर्कशीटमध्ये आणायचेच असेल तर त्याच्यासाठी नायट्रेटचे द्रावण निवडावे.